निपाणीचा फ्लॅट, टिळकवाडीचं भाडं आणि ५८,७५० रुपयांची तूट

*नमस्कार काका, मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. वर्षाचा ढोबळ पगार १५ लाख. त्यात मूळ पगार महिन्याला ६०,००० आणि घरभाडे भत्ता २४,०००. टिळकवाडीत महिना १४,००० भाड्यानं राहतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ३० लाखांचं कर्ज मंजूर करून निपाणीत तयार फ्लॅट घेतला, तिथं आई-वडील असतात. यंदा व्याज २,३१,००० आणि मुद्दल ७५,००० जाईल. पीएफ वर्षाला ८६,४०० कापला जातो आणि आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचे ३६,५०० मी भरतो, दोघंही साठीच्या पुढचे. कंपनीनं न विचारताच नव्या पद्धतीनं कर कापायला घेतलाय. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणतात, "गृहकर्ज असणाऱ्यानं डोळे झाकून जुनी पद्धत घ्यायची. वर ५०,००० एनपीएसच्या पेन्शन योजनेत टाक, मग बघ गंमत." बोनसचे तेवढे पैसे हातात आहेत. टाकू का?*
*— एक निपाणीकर, मुक्काम टिळकवाडी*

डोळे उघडेच ठेवा. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांचा सल्ला चुकीचा नाही, शिळा आहे. २०२० साली नवी पद्धत आली तेव्हा गृहकर्ज असलेला माणूस तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता, आणि ते बरोबरच होतं. पण २०२३ पासून नवी पद्धत हीच मूळ धरली जाऊ लागली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पानं तिचे टप्पे इतके सैल केले, की जुना हिशोब पुन्हा मांडल्याशिवाय काही बोलता येत नाही. कंपनीनं न विचारता नवी पद्धत लावली याचं कारणही तेच. तुम्ही काही कळवलं नाहीत की नवीच धरायची, असा नियम आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू, कारण तो माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात असतो. "व्याजाचे दोन लाख वाचतात" असं म्हणतात. दोन लाख वाचत नाहीत. दोन लाखांवरचा कर वाचतो. जुन्या पद्धतीत बाकीच्या वजावटी धरल्यावर तुमच्या उत्पन्नाचा वरचा भाग काही ३० आणि काही २० टक्क्यांच्या टप्प्यात पडतो. त्यावर ४ टक्के उपकर धरला तर दोन लाखांच्या वजावटीनं ५८,७६० रुपये वाचतात. रक्कम चांगलीच आहे. पण नवी पद्धत तुम्हाला वजावट न मागता किती सोडून देते, हे त्याच्या शेजारी ठेवून बघायला हवं.

तर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा तुमचा नव्या पद्धतीतला कर बघा. पगार १५ लाख, त्यातून प्रमाणित वजावट ७५,०००, राहिले १४,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००. ८ ते १२ वर १० टक्क्यांनी ४०,०००. वरच्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०. एकूण ९३,७५०, उपकर धरून ९७,५००. ना भाड्याची पावती, ना विम्याची, ना बँकेचा दाखला.

आता जुनी पद्धत. तिथं अडीच लाखांपर्यंत कर नाही, अडीच ते पाच लाखांवर ५ टक्के, पाच ते दहा लाखांवर २० टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. टप्पे तापट आहेत, म्हणून उत्पन्न जितकं खाली ओढता येईल तितकं ओढायचं. नव्या पद्धतीएवढाच कर यायला तुमचं करपात्र उत्पन्न ९,०६,२५० पर्यंत उतरलं पाहिजे. म्हणजे १५ लाखांतून एकूण ५,९३,७५० रुपये वजा झाले पाहिजेत. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तुमचं यंदाचं सगळं भांडण या एका आकड्याशी आहे.

आता तुमच्याजवळ काय काय आहे ते मोजू. प्रमाणित वजावट जुन्या पद्धतीत ५०,००० च मिळते. कर्नाटकाचा व्यवसाय कर, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे २,५००. (शिनोळीला जाणाऱ्या मित्राला विचारा, महाराष्ट्राच्या बाजूलाही वर्षाला २,५०० च जातात. सीमाप्रश्नात एवढं एक तरी दोन्ही राज्यांचं जुळलंय.)

घरभाड्याचं जरा थांबून बघू, कारण इथं लोक हमखास चुकतात. भत्ता २,८८,००० मिळतो म्हणून तो सगळा सुटत नाही. तीन आकडे काढायचे आणि सर्वांत लहान घ्यायचा. पहिला, मिळालेला भत्ता २,८८,०००. दुसरा, मूळ पगाराच्या ४० टक्के. बेळगाव महानगरांच्या यादीत नाही म्हणून ४०, आणि तेही योगायोगानं २,८८,०००. तिसरा, दिलेल्या भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा करून उरतं ते. भाडं वर्षाचं १,६८,०००, त्यातून ७२,००० गेले, राहिले ९६,०००. एवढंच सुटतं. स्वतःचं घर निपाणीत असताना इथलं भाडं कसं दाखवू, ही शंका मनात ठेवू नका. घर दुसऱ्या गावात आहे, नोकरीसाठी तुम्ही इथं खरोखर भाड्यानं राहता, तेव्हा भाडं आणि गृहकर्जाचं व्याज दोन्ही मागता येतं. मात्र भाडं वर्षाला लाखाच्या वर असल्यानं कंपनी घरमालकाचा पॅन मागणार. आपल्याकडचे घरमालक पावती देतात, रोख घेतात आणि पॅन म्हटलं की विषय बदलतात. मालकानं पॅन दिला नाही तर कंपनी हे ९६,००० धरणार नाही, आणि मग पुढचं वाचायचीही गरज नाही, नवी पद्धत घ्या आणि मोकळे व्हा.

पॅन मिळाला असं धरू. पुढे घराचं व्याज. ज्या घरात तुम्ही स्वतः किंवा तुमची माणसं राहतात, भाडं येत नाही, त्याच्या व्याजाला जुन्या पद्धतीत दोन लाखांची कमाल मर्यादा आहे. तुमचं व्याज २,३१,००० आहे, म्हणजे ३१,००० वाऱ्यावर. नव्या पद्धतीत अशा घराचं व्याज मुळातच मोजत नाहीत. बँकेनं सौभाग्यवतींचं नाव सहकर्जदार म्हणून घातलं असेल तर खरेदीपत्र उघडून बघा. त्या नुसत्या सहकर्जदार असतील, मालक नसतील आणि हप्ते तुमच्याच खात्यातून जात असतील, तर सगळं व्याज तुमचं. खरेदीपत्रात दोघांची नावं असतील तर व्याजही हिश्श्यानं वाटलं जातं. मग तुमच्या वाट्याला निम्मं, १,१५,५००, आणि जुन्या पद्धतीची गोष्ट तिथंच संपली.

कलम ८०सी च्या वजावटीत पीएफचे ८६,४०० आणि कर्जाचं मुद्दल ७५,०००, बेरीज १,६१,४००, पण मर्यादा दीड लाख. ११,४०० इथंही वाया. बघा, मुद्दलाच्या वजावटीचं एवढं कौतुक होतं, पण तुमच्यासारख्या पीएफवाल्याची निम्म्याहून जास्त जागा आधीच भरलेली असते. (कुणाचं कर्ज बँकेऐवजी पतसंस्थेचं किंवा सौहार्द सोसायटीचं असेल तर त्यांनी हे लक्षात घ्यावं, व्याज चालतं, पण ८०सी मध्ये मुद्दल धरायला कर्ज देणारी सहकारी बँक तरी लागते. सोसायटी म्हणजे बँक नव्हे.) शेवटी आई-वडिलांच्या विम्याचे ३६,५००. ज्येष्ठांसाठी ५०,००० पर्यंत चालतात, फक्त हप्ता रोखीनं भरलेला नको.

बेरीज मारा. ५०,००० अधिक २,५००, अधिक ९६,०००, अधिक दोन लाख, अधिक दीड लाख, अधिक ३६,५००. झाले ५,३५,०००. करपात्र उत्पन्न ९,६५,०००, कर १,०५,५००, उपकर धरून १,०९,७२०. नव्या पद्धतीपेक्षा १२,२२० रुपये जास्त. गृहकर्ज आहे, भाडं आहे, पीएफ आहे, आई-वडिलांचा विमा आहे, आणि तरीही. तूट ५८,७५० ची.

आता एनपीएस. तुमच्या साहेबांनी बहुधा ही तूट पाहूनच ५०,००० चा उपाय सांगितला असावा. ८०सी च्या वर आणखी ५०,००० ची वजावट जुन्या पद्धतीत मिळते, खरं आहे. ती घातली की बेरीज ५,८५,००० होते. पण लागतात ५,९३,७५०. अजून ८,७५० कमीच. म्हणजे बोनसचे पन्नास हजार एनपीएसमध्ये घालूनही जुन्या पद्धतीत तुम्ही १,८२० रुपये जास्तच भराल, आणि त्या पैशांपैकी बहुतेक साठीपर्यंत हाताला लागणार नाहीत. निवृत्तीसाठी म्हणून घालायचे असतील तर जरूर घाला, ती वेगळी गोष्ट. कर वाचवायला म्हणून घालू नका, कारण वाचत नाही.

पण तुमच्या पत्रात एक तारीख आहे, आणि ती तुमच्या साहेबांच्या नजरेतून सुटली असावी. कर्ज फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर झालं. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना कलम ८०ईईए नावाची एक जास्तीची सवलत आहे. दोन लाखांच्या मर्यादेपुढे उरलेलं व्याज, दीड लाखापर्यंत, तिथं मागता येतं. योजना त्या मार्चमध्ये बंद झाली, पण ज्यांचं कर्ज त्याआधीचं त्यांना ती आजही चालू आहे. तुमचे वाऱ्यावर गेलेले ३१,००० इथं परत येऊ शकतात.

अटी तीन, आणि तिसरी आपल्या भागात नडते. एक, मंजुरीची तारीख त्या काळातली हवी. पैसे हातात कधी आले हे महत्त्वाचं नाही, बँकेच्या मंजुरीपत्रावरची तारीख बघा. दोन, मुद्रांक शुल्कासाठी धरलेली फ्लॅटची किंमत ४५ लाखांच्या आत हवी. ती खरेदीपत्रावर दिसेल. तीन, मंजुरीच्या दिवशी तुमच्या नावावर दुसरं कुठलंही राहतं घर नको. इथं "नाही हो, पहिलंच घर" असं पटकन म्हणू नका. गावाकडच्या वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर आजोबा गेल्यावर वारस म्हणून सगळ्या भावांची नावं चढलेली असतात आणि बेळगावात नोकरी करणाऱ्याला ते माहीतही नसतं. घराचा उतारा काढून बघा. तुमचं नाव त्यात निघालं तर ही सवलत मागू नका.

सवलत बसते असं धरलं तर आकडे असे फिरतात. एनपीएस न घालता बेरीज ५,६६,००० होते, तूट २७,७५० ची उरते आणि नवी पद्धत ५,७७२ रुपयांनी स्वस्त राहते. एनपीएसचे ५०,००० घातले तर बेरीज ६,१६,००० होते आणि इथं पहिल्यांदा जुनी पद्धत जिंकते, ४,६२८ रुपयांनी. घरमालकाचा पॅन, बँकेचा दाखला, मंजुरीपत्र, विम्याच्या पावत्या आणि पन्नास हजार अडकवून, ४,६२८.

माझं मत विचाराल तर यंदा नवी पद्धत ठेवा आणि बोनस कर्जात भरा. याचं कारण करात नाही, व्याजात आहे. नव्या पद्धतीत व्याजावर सवलत नाही, म्हणजे तुमचं कर्ज तुम्हाला बँकेच्या पूर्ण दरानं पडतं. तुमच्या हप्त्यावरून दर सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास दिसतो. ५०,००० मुद्दलात भरले तर पहिल्याच वर्षी चार हजारांच्या वर व्याज वाचतं आणि पुढच्या प्रत्येक वर्षी वाचत राहतं. दर बदलता असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक दंड लावत नाही. भरताना बँकेला लेखी सांगा, हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. न सांगितल्यास काही बँका हप्ता कमी करून देतात, आणि मग फायद्याचा मोठा भाग निसटतो.

"कर्ज फेडू नका, सवलत जाईल" हेही तुम्हाला कुणीतरी सांगणार आहे. तुमच्या बाबतीत ते जुन्या पद्धतीतही खरं नाही. दोन लाखांच्या वरचे ३१,००० व्याज सव्वाआठ टक्क्यांनी साधारण पावणेचार लाखांच्या मुद्दलावर येतं. ८०ईईए बसत नसेल तर तेवढं मुद्दल आज फेडलंत तरी वजावट दोन लाखांचीच राहते, एक रुपयानं कमी होत नाही.

पुढच्या वर्षी हाच हिशोब पुन्हा मांडायचा, पण तो जुन्या पद्धतीच्या बाजूनं झुकेल असं मला वाटत नाही. तुमच्या पगाराच्या आसपास दर लाखाच्या वाढीमागे लागणारी वजावट २५,००० नी वाढते. १६ लाख झाले की ५,९३,७५० च्या जागी ६,१८,७५० लागतील, १८ लाखांना ६,९१,००० च्या वर. तुमच्याकडे मात्र दोन लाख आणि दीड लाख या भिंती जागच्या जागी आहेत, आणि मूळ पगार वाढला, भाडं तेवढंच राहिलं, तर घरभाड्याचे ९६,००० ही घटतात. दुसरीकडे, ज्यांचा पगार १२,७५,००० पर्यंत आहे त्यांना तर नव्या पद्धतीत कर शून्यच येतो. त्यांनी गृहकर्जाच्या कागदांची फाईल कपाटातच ठेवावी.

हे सगळं २०२५-२६ चं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतोय आणि कलमांचे आकडे बदलतील, पण या वर्षाचं विवरणपत्र जुन्या कायद्यातल्या आकड्यांनीच भरायचं.

कंपनीनं नवी पद्धत लावली म्हणून तुमचे हात बांधले गेलेत असं नाही. पगारदाराला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, दरवर्षी विवरणपत्र भरताना पद्धत निवडता येते, कंपनीला काहीही कळवलेलं असो. उतारा बघून, पॅन मिळवून आणि एनपीएस ३१ मार्चच्या आत भरून तुम्ही जुनी घ्यायचं ठरवलंत, तर जास्त कापलेला कर परतावा म्हणून येईल. फक्त आयटीआर-१ मधला प्रश्न नीट वाचा. तो "कुठली पद्धत हवी" असं विचारत नाही, "नव्या पद्धतीतून बाहेर पडायचं आहे का" असं विचारतो. तिथं Yes म्हणजे जुनी. घाईत Yes दाबून नवी घेतली असं समजणारे मी पाहिलेत. जुनी घेतलीत तर व्याजासाठी बँकेचं नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, मूळ रक्कम आणि ३१ मार्चची बाकी हेही भरावं लागतं, म्हणून व्याजाचा दाखला समोर घेऊन बसा.

आणि तारीख चुकवू नका. जुनी पद्धत मुदतीत भरणाऱ्यालाच मिळते, मुदत टळली की नवीच. माझ्या भाच्याचं २०२४ साली असंच झालं. त्यानं विवरणपत्र ३० जुलैला अपलोड केलं, मला फोन करून "झालं मामा" म्हणाला, आणि ई-व्हेरिफाय करायचं राहिलं. त्याला ३० दिवसांची मुदत असते. गणपतीला खानापूरला आला तेव्हा मी पोर्टल उघडून बघितलं तर ते तसंच पडलेलं. तीस दिवस उलटल्यावर केलं की व्हेरिफाय केल्याची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात. सगळ्या वजावटी गेल्या, उशिराचं शुल्क वर. आधारच्या ओटीपीनं दोन मिनिटांत झालं असतं.

एक काम मात्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करा. कंपनीच्या अकाउंट्समध्ये जाऊन विचारा, पगाराच्या रचनेत कंपनीकडून भरायचं एनपीएस देता का. तुम्ही स्वतः घालता ते ५०,००० वेगळे, हे वेगळं. कंपनीनं मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम नव्या पद्धतीतही वजा होते. तुमच्या बाबतीत ती १,००,८०० होते आणि कर १५,७२५ नी उतरतो. पैसे तुमच्याच पॅकेजमधून वळवले जातात, म्हणजे हातात येणारा पगार कमी होईल, आणि हप्ता, भाडं, निपाणीचा खर्च भागवून ते झेपतं का हे तुम्हीच बघा. उद्यमबागेतल्या लहान कारखान्यांत अकाउंट्सवाले आधी "आमच्याकडे तसं नाही" म्हणतात. नसेल तर कंपनीला एनपीएसमध्ये नोंदणी करावी लागते. एकट्यानं विचारलं तर टाळतील, चार-पाच जण मिळून जा. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनाही बरोबर घ्या.